ताटलीतलं पाणी कुठं गेलं?

जलचक्राचं चित्र आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर दिसतं. एका बाजूला निळा समुद्र, वर हसरा सूर्य, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे ढग आणि सगळ्यांना जोडणारे बाण. शिक्षक मुलांसाठी पाठाचे व्हिडिओ करतात तेव्हाही बहुतेकदा याच चित्रापासून सुरुवात होते. फरक इतकाच, की बाण हलू लागतात आणि थेंबाला डोळे-तोंड फुटतं. तिसरी-चौथीतलं मूल असा व्हिडिओ दोनदा पाहिलं, की बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे शब्द क्रमानं म्हणून दाखवतं. मग त्यालाच विचारा, ‘सकाळी धुऊन उन्हात ठेवलेला डबा दुपारी कोरडा झाला, त्यातलं पाणी कुठं गेलं?’ उत्तर येतं, ‘वाळलं.’ वाळलं म्हणजे गेलं कुठं? इथं मूल अडतं.

जलचक्राच्या पाठाची संहिता लिहायला बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हा अडलेला क्षण समोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. समुद्र, ढग, पाऊस, नदी हे सगळं मुलांना दिसतं. दिसत नाही ते मधलं पाणी, हवेत मिसळलेलं. चक्राचा हा एक दुवा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सगळं अडतं आणि चित्रातला बाण नेमका त्याच जागी काढलेला असतो. बाण काढला की आपल्याला वाटतं समजावून झालं. मुलाला मात्र फक्त बाण दिसतो.

मुलं याबद्दल काय समजतात हे संशोधकांनी नीट विचारून पाहिलं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना ओली बशी वाळताना दाखवून हाच प्रश्न विचारला होता. काही मुलं म्हणाली, पाणी बशीत मुरलं. काही म्हणाली, ते संपलं, आता कुठंच नाही. इस्रायलमध्ये वर्दा बार यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतही लहान मुलांच्या मते सांडलेलं पाणी जमिनीत जिरतं. ढग म्हणजे कोणाला धूर वाटतो, कोणाला पाणी भरलेली पिशवी. ही उत्तरं चुकीची असली तरी बिनडोक नाहीत. मुलानं पाणी मातीत जिरताना पाहिलं आहे, फडक्यात शोषलं जाताना पाहिलं आहे. हवेत जाताना त्यानं ते कधीच पाहिलेलं नाही.

म्हणून माझ्या मते सहा मिनिटांच्या व्हिडिओतली पहिली दीड मिनिटं समुद्राचं नावही निघू नये. सुरुवात शाळेच्या अंगणात व्हावी, आणि भांडं असं निवडावं की ‘मुरलं’ हे उत्तर तिथं टिकूच नये. स्टीलची ताटली यासाठी उत्तम. संहितेचा पहिला भाग असा लिहिता येईल:

दृश्य: अंगणात उन्हात स्टीलची ताटली. बाई चमच्यानं दोन चमचे पाणी घालतात. कॅमेरा बरोबर वरून, हलत नाही.
निवेदन: ‘ताटलीत दोन चमचे पाणी आहे. ताटली स्टीलची आहे. हिला भोक आहे का, पाहा बरं.’
दृश्य: बाई ताटली उचलून खालची बाजू दाखवतात. कोरडी. ताटली परत जागेवर. पाणी हळूहळू आक्रसतं आणि नाहीसं होतं.
निवेदन: (पाणी कमी होताना काहीही नाही. ताटली कोरडी झाल्यावर) ‘पाणी सांडलं नाही. कुणी प्यालं नाही. ताटलीत मुरलं नाही. मग गेलं कुठं?’
दृश्य: पडद्यावर फक्त कोरडी ताटली, वीस सेकंद.

ती शेवटची वीस सेकंद कापायचा मोह होतो, पण ती कापू नयेत. वर्गात बाईंनी तिथं व्हिडिओ थांबवून चार-पाच मुलांची उत्तरं ऐकायची आहेत. मुलानं आपलं उत्तर आधी बोलून दाखवलं असेल, तरच पुढचं दृश्य त्या उत्तराशी भिडतं.

पाणी नाहीसं होताना दाखवण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईल स्टँडवर घट्ट बसवायचा आणि दर दहा सेकंदांनी एक फोटो घ्यायचा. चाळीस मिनिटांत २४० फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगानं ते जोडले, की चाळीस मिनिटांचं वाळणं दहा सेकंदांत डोळ्यांसमोर घडतं. एक काळजी मात्र घ्यावी. वारा असेल तर ताटली हलते, आणि मुलांना वाटतं पाणी सांडलं. ताटलीखाली ओलं फडकं ठेवायची चूक करू नये, कारण मग ‘फडक्यात गेलं’ हे उत्तर हातात आयतं मिळतं. शेजारी दुसरी तशीच ताटली सावलीत ठेवून तिचेही फोटो घ्यावेत. तीही वाळते, पण उशिरा. या दुसऱ्या ताटलीनं मोठं काम होतं. ऊन पडल्याशिवाय पाणी वर जातच नाही, अशी समजूत हसऱ्या सूर्याच्या चित्रानं करून दिलेली असते. ती इथं बोलण्याआधीच सैल होते.

याच कारणासाठी सुरुवातीला उकळत्या किटलीचं दृश्य नको. बाष्पीभवन म्हटलं की गॅसवरची किटली दाखवायची सवय फार जुनी आहे. तिच्यामुळे मुलांच्या मनात पक्कं बसतं, की पाणी उकळलं तरच हवेत जातं. मग समुद्र उकळतो का, असा प्रश्न एखादं हुशार मूल विचारतं आणि बाकीची मनातल्या मनात ‘उकळत असेल’ असं मानून गप्प बसतात. दोरीवरचा शर्ट कधी उकळत नाही, फरशी पुसल्यावर ती उकळत नाही, तरी दोन्ही वाळतात. ताटलीनंतर लगेच ही दोन दृश्यं यावीत, आणि मग पहिल्यांदा एक वाक्य: ‘पाणी हवेत गेलं. ते इतकं बारीक झालं की दिसत नाही, पण आहे.’ ‘बाष्पीभवन’ हा शब्द यानंतर यावा. गोष्ट पाहून झाल्यावर नाव आलं तर मूल ते नाव त्या गोष्टीला लावतं, आधी आलं तर नुसतं पाठ करतं.

‘पण आहे’ असं आपण म्हणालो, तर आता ते सिद्ध करणं आपल्याकडे लागलं. हवेतलं पाणी परत काढून दाखवायला हवं. यासाठी थंडगार पेल्याचा प्रयोग सगळ्यांनाच माहीत असतो. बर्फाचं पाणी भरलेल्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात. प्रयोग सोपा आहे, पण त्यात एक मोठी खोच आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ती अधिकच मोठी. आपल्या घरात माठ असतो. माठातलं पाणी खरोखरच पाझरून बाहेर येतं, माठ बाहेरून ओला लागतो. रोज तो पाहणारं मूल पेल्यावरचे थेंब पाहून म्हणणार, ‘आतलं पाणी झिरपलं.’ त्याच्या अनुभवानुसार ते बरोबरच बोलतं. त्याला नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही.

म्हणून पेल्यात साधं पाणी न घेता लालभडक कोकम सरबत घ्यावं. काचेचे दोन सारखे पेले, दोन्हींत तेच सरबत, एकात भरपूर बर्फ आणि दुसऱ्यात अजिबात नाही. पाच-सात मिनिटांत बर्फाच्या पेल्यावर बाहेर थेंब येतात, दुसरा कोरडा राहतो. मग कॅमेरा अगदी जवळ नेऊन पांढऱ्या कागदानं ते थेंब टिपायचे आणि कागद पडद्यावर धरायचा. कागद ओला होतो, पण लाल होत नाही. सरबत झिरपलं असतं तर कागद लाल झाला असता. निवेदनात एवढंच: ‘पेल्यातलं सरबत लाल. बाहेरचे थेंब पांढरे. हे पाणी आलं कुठून?’ पुन्हा थांबायचं. बहुतेक वर्गात यानंतर कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, हवेतून!’ ते उत्तर मुलाच्या तोंडून यावं, निवेदनातून नाही.

हा प्रयोग फसतो तो हवेमुळे. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठंही हवेत ओल भरपूर असते, त्यामुळे थेंब लगेच येतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब उशिरा येतात, बारीक येतात आणि कॅमेऱ्यात उठून दिसत नाहीत. तिथल्या शिक्षकांनी हे दृश्य जून ते ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवावं. उन्हाळ्यात पेला बराच वेळ कोरडा राहिला, तर प्रयोग चुकला असं समजू नये. हवेत पाणी कमी आहे, हे तो पेलाच सांगतो, आणि मोठ्या मुलांच्या वर्गात हाच प्रयोग जास्त बोलका ठरतो.

आता किटली आणायला हरकत नाही, पण वेगळ्या कामासाठी. उकळत्या किटलीच्या तोटीकडे बाईंनी स्वतः, मुलांना लांब ठेवून, कॅमेरा न्यावा आणि मागे काळा कागद धरावा. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते. पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. रिकाम्या दिसणाऱ्या त्या जागेत पाणी वायूच्या रूपात आहे, म्हणून दिसत नाही. पुढे गार हवेत त्याचे अतिशय बारीक थेंब होतात, तेव्हा ते पांढरं दिसू लागतं. चहाच्या कपावरची पांढरी वाफ म्हणजे थेंबच. आकाशातला ढगही असाच, म्हणजे हवेतलं न दिसणारं पाणी गार होऊन झालेले बारीक थेंब. ‘वाफ वर जाते आणि तिचा ढग होतो’ या वाक्यात नेमका हा थेंब होण्याचा टप्पा गळतो आणि मुलाला वाटतं, ढग म्हणजे वर जाऊन साठलेली वाफ.

वर्गात ढग करून दाखवता येतो. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी. तीत दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून हलवावं. पेटती उदबत्ती विझवून तिचा थोडा धूर आत सोडावा आणि झाकण घट्ट लावावं. बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबून पाच-सहा सेकंद धरायची आणि एकदम सोडायची. सोडताच आत धुकं दाटतं, पुन्हा दाबलं की नाहीसं होतं. बाटली सोडली की आतली हवा पसरते, पसरली की गार होते, आणि गार हवेत पाणी धुराच्या कणांवर थेंब होऊन बसतं. धूर घातला नाही तर धुकं जवळजवळ दिसतच नाही. आकाशातही थेंबाला बसायला धुळीचे, मिठाचे, धुराचे कण लागतात. चित्रीकरणात हमखास होणारी गडबड म्हणजे पाणी फार गरम घेणं. मग बाटलीच्या आतल्या बाजूवर थेंब जमतात आणि आतलं काही दिसत नाही. मागे काळा कागद आणि बाजूनं प्रकाश ठेवला, तर मुलं ‘ढग! ढग!’ करून ओरडतात.

ढगातून पाऊस का पडतो, याला मुलांचं तयार उत्तर असतं: ढग एकमेकांवर आपटतात म्हणून. इथं संहितेनं फार खोलात जाऊ नये, पण खोटंही सांगू नये. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो आणि सेकंदाला सेंटिमीटरभर इतक्या मंद गतीनं खाली येतो, त्यामुळे वर येणारी हवा त्याला सहज तरंगत ठेवते. पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा, म्हणजे शंभरपट रुंद. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही शंभरपट धरली तर एका पावसाच्या थेंबासाठी ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. हा आकडा आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नुसता सांगून कळत नाही. खिडकीच्या काचेवर फवारणीच्या बाटलीनं पाणी मारावं. आधी बारीक थेंब चिकटून राहतात. आणखी मारलं की ते एकमेकांत मिसळतात, मोठे होतात, आणि एकदा जड झाले की ओघळतात. निवेदन: ‘लहान थेंब राहिले. मोठा झाला तो पडला.’

पाऊस पडल्यानंतरचा प्रवास दाखवताना मात्र गाव खरं घ्यावं. साताऱ्यातल्या शिक्षकांना तर ही जागा घरचीच आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, गार होते, आणि महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पाडते. बाटली सोडल्यावर जे झालं तेच इथं डोंगराच्या अंगावर होतं. घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला पोचलो, तर तिथं पाऊस हजार मिलिमीटरही होत नाही. आणखी पूर्वेला त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. हवा डोंगरावर बरंचसं पाणी टाकून आलेली असते आणि खाली उतरताना पुन्हा गरम होते.

महाबळेश्वरला पडलेल्या पाण्याचं पुढं काय होतं, हे निवेदनात सावकाश सांगावं. समुद्र पश्चिमेला जवळ आहे, तरी कृष्णेचं पाणी पूर्वेला वळतं आणि सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. पण सगळं नाही. काही धोमच्या धरणात अडतं, काही कालव्यानं उसाला जातं, काही जमिनीत मुरून विहिरीला येतं. बरंचसं तर समुद्र न पाहताच झाडांच्या पानांतून आणि ओल्या मातीतून परत हवेत जातं. पानांचं काम दाखवायला पारदर्शक पिशवी पुरते. ती पानं असलेल्या एका फांदीवर बांधून उन्हात ठेवली, की तासा-दोन तासांत आतून थेंब दिसू लागतात.

डोळे-तोंड असलेल्या थेंबाला माझा विरोध आहे तो इथंच. ‘थेंबू’ समुद्रातून निघतो, ढगात बसतो, डोंगरावर पडतो, नदीतून घरी येतो. गोष्ट गोड आहे, मुलांना आवडते, पण तिनं मनात बसतं की थेंब आख्खा वर जातो आणि एका ठरलेल्या वाटेनं गोल फिरतो. प्रत्यक्षात वर जाताना थेंब उरतच नाही आणि वाट एक नसते. समुद्रावरून हवेत गेलेल्या पाण्यापैकी सुमारे नव्वद टक्के पाणी पुन्हा समुद्रावरच पडतं, डोंगराचं तोंडही पाहत नाही. एखाद्या शिक्षकाला गोष्ट हवीच असेल तर तिला एका गावाचा नायक द्यावा, थेंबाचा नको.

मोठ्यांनाही हे सगळं फार उशिरा पटलं आहे. नद्या वाहत्या ठेवायला एकटा पाऊस पुरेसा आहे, यावर शतकानुशतकं विद्वानांचा विश्वास नव्हता. पियेर पेरो या फ्रेंच माणसानं सेन नदीच्या उगमाकडच्या भागातला पाऊस आणि नदीचं पाणी मोजून १६७४ मध्ये दाखवलं, की पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट आहे. मोजल्याशिवाय मोठी माणसंही मानली नाहीत, तर मुलांनी बाणावर विश्वास ठेवावा ही अपेक्षा जास्तच आहे.

एक प्रश्न संहितेत सोडून देता येणार नाही, कारण माणमधलं मूल तो विचारणारच: पाणी फिरून परत येतं, तर मग आमच्याकडे टँकर का? चक्राच्या गोल चित्रात याचं उत्तर नाही, उलट त्या चित्रानं पाणी संपणारच नाही असा समज होतो. उत्तर दोन वाक्यांत देता येतं. पाणी परत येतं, पण जिथून गेलं तिथंच आणि जेव्हा हवं तेव्हाच येत नाही. हवेतलं पाणी सरासरी आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं, खोल जमिनीत गेलेलं वर यायला मात्र कित्येक वर्षं, कधी शेकडो वर्षं लागतात; ते उपसायला आपल्याला एक उन्हाळा पुरतो.

लांबीचं म्हणाल तर तिसरी-चौथीसाठी सहा मिनिटं पुरेत आणि निवेदन साडेचारशे शब्दांच्या आत ठेवावं. म्हणजे मिनिटाला पंचाहत्तर. कागदावर हे फार कमी वाटतं, पण ताटली वाळताना, कागद टिपताना, बाटली सोडताना बोलायचं नसतं. जे बोललं जातं तेच पडद्यावर अक्षरांत लिहू नये. मूल वाचायला लागतं आणि थेंबाकडे बघायचं राहतं. अक्षरांत फक्त तीन नावं यावीत: बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य. प्रत्येक नाव आपापलं दृश्य होऊन गेल्यावर.

व्हिडिओ जमला की नाही, हे शेवटच्या प्रश्नमंजूषेतून कळत नाही, कारण तीन शब्दांचा क्रम मुलं बाणांवरूनही लावतात. व्हिडिओनंतर कोरा कागद द्यावा आणि सांगावं, ‘तुमच्या घरी आज जिथून जिथून पाणी हवेत गेलं, त्या जागा काढा.’ समुद्र आणि सूर्य आला तर दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा अंगणात ठेवावी. दोरीवरचे कपडे, पुसलेली फरशी, आजीनं पाणी घातलेली तुळस, म्हशीचा ओला अंगभाग असं काही कागदावर आलं, तर पुढच्या पाठाला निघावं.

तुम्ही शिक्षक असाल तर तयार व्हिडिओ शोधण्याआधी एकदा आपल्याच शाळेच्या अंगणात ताटली ठेवून पाहा. मोबाईल, ताटली आणि दोन चमचे पाणी एवढ्यावर पहिलं दृश्य आजच्या मधल्या सुट्टीतसुद्धा घेता येतं.